झाकणवाल्यांना आभाराचं पत्र

माझ्या थोरल्या भावाला स्वतःबद्दल चार बरे शब्द बोलायला सांगितले की त्याला घाम फुटतो. दुसऱ्याबद्दल बोलायला सांगा, मग बघा, थांबवता थांबत नाही. माणूस म्हणून हे गोड असेल. धंद्यात मात्र हे आमच्या मुळावर आलं.

आमचा धंदा सल्ल्याचा. लहान कारखान्यांचा माल मोठ्या कंपन्या घेतात, आणि घेण्याआधी त्यांची माणसं येऊन कारखाना तपासतात. हिशेब नव्हे, काम. यंत्र कोण पुसतं, वजनकाटा शेवटचा कधी तपासून घेतला, खराब निघालेला माल कुठे ठेवता, एखादी तक्रार आली तर ती पुन्हा येऊ नये म्हणून काय केलंत. बहुतेक कारखान्यांत या प्रश्नांची उत्तरं मालकाच्या डोक्यात असतात आणि मालक नेमका त्याच दिवशी कुठल्यातरी लग्नाला गेलेला असतो. आम्ही ती उत्तरं डोक्यातून कागदावर आणतो, कामगारांना शिकवतो, आणि खऱ्या तपासणीआधी एक लुटुपुटूची तपासणी घेऊन चुका पकडतो. ‘आम्ही’ म्हणजे दादा. मी ऑफिस सांभाळते, पत्रं लिहिते, फोन घेते आणि चिडते.

दादाचा एक नियम पहिल्यापासून होता. कारखान्यातल्या एकाही कागदावर आमचं नाव घालायचं नाही. पद्धत कामगाराकडूनच लिहून घ्यायची, त्याच्याच भाषेत, सही त्याचीच. तपासणीच्या दिवशी आपण तिथे दिसायचंही नाही. “आपण म्हणजे परांची,” तो म्हणायचा. “भिंत उभी राहिली की परांची काढायची असते. लोकांनी भिंत बघावी.” ऐकायला फार छान. फक्त परांचीवाल्याला पुढचं काम मिळायचं तर ही भिंत कोणी बांधली ते चार लोकांना कळावं लागतं, एवढं मी त्याला वर्षानुवर्षं सांगत आले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग कामं एकेक करून गळाली. एकाने कारखाना विकला, एक दुसरीकडे हलला, एकाने हे काम जावयाकडे दिलं. भांडण कोणाशीच झालं नाही. सगळे खूश होऊन गेले. उरले फक्त झाकणवाले, म्हणजे बाटल्यांची झाकणं बनवणारे आमचे सगळ्यात जुने मालक. एका कारखान्यावर ऑफिस चालत नाही. मी दादाला स्पष्ट सांगितलं, की या हंगामात नवं काम आलं नाही तर ऑफिसची पाटी उतरवायची आणि तू मुलाकडे राहायला जायचं. मुलगा बोलावतच होता. दादा मुलाकडे दोन दिवस राहिला की तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तारखा घालायला लागतो आणि सूनबाई मला फोन करतात. तिथे तो कायमचा गेला तर वर्षभरात वाळून जाईल, हे मला दिसत होतं. त्याला माहीत असलेलं एकच काम होतं आणि ते वाचवायचं होतं.

त्याच आठवड्यात झाकणवाल्यांची वर्षाची मोठी तपासणी झाली आणि एकही शेरा न येता पार पडली. मालकांनी स्वतः फोन करून सांगितलं. मी म्हटलं, दादा, हीच वेळ. माणूस खूश आहे तोवर त्याचे आभार मानायचे आणि त्याच पत्रात विचारायचं, की तुमच्या ओळखीत कोणाला आमची गरज असेल तर आमचं नाव सुचवाल का. सगळे करतात. यात भीक नाही, लाज नाही.

“लाज नाही, पण जरा...” दादा म्हणाला.

“जरा काय?”

“आभार मानताना हात पुढे करायचा म्हणजे जरा कसंतरीच.”

“हात खिशात ठेवून धंदा बुडाला, ते तुला बरं वाटतं?”

मी मसुदा लिहिला. मला पत्रं लिहिता येतात. आधी नेमके आभार, उगाच गोलगोल नव्हे. मग आम्ही काय केलं आणि त्याने काय बदललं. मग कोणत्या प्रकारच्या लोकांना आमचा उपयोग होईल, कारण ‘कोणालाही सांगा’ म्हटलं की लोक कोणालाच सांगत नाहीत. जमलं नाही तरी आपल्या संबंधात काही फरक पडणार नाही, अशी मोकळी वाट. आणि शेवटी, वेगळ्या कागदावर, आमच्याबद्दलच्या चार ओळी. मालकांना कोणाला पाठवायचं तर तेवढा कागद पुढे सरकवला की झालं. त्यांना डोकं खाजवायला नको.

दादाने लाल पेन घेतलं.

त्याने ते पत्र त्याच्या पद्धतीने तपासलं, म्हणजे एकेका ओळीला विचारलं, ‘हे खरं आहे का? हे कोणी केलं?’ ‘आम्ही तुमची पद्धत उभी केली’ खोडून त्याने लिहिलं, ‘तुमच्या माणसांनी पद्धत उभी केली’. ‘आमच्या प्रशिक्षणामुळे’ खोडलं. आणि मधोमध एक आख्खा परिच्छेद घातला, शंकासुराबद्दल.

शंकासुर म्हणजे झाकणवाल्यांकडे गुणवत्ता बघणारी मुलगी. हे नाव दादानेच ठेवलेलं. पूर्वी ती पॅकिंगला होती. दादा शिकवायला लागला की हिचा हात वर. सर, असं का? सर, तसं का नाही? बाकीचे जेवायला पळायचे आणि ही शंका काढत बसायची. दादाला अशी माणसं म्हणजे जीव की प्राण. त्यानेच मालकांच्या मागे लागून तिला तिथून उचललं आणि शिकवून शिकवून विभागाची प्रमुख केलं. आता पत्रात त्याने लिहिलं, ‘यंदाच्या निर्दोष तपासणीचं श्रेय आपल्या गुणवत्ताप्रमुख ताईंचं आहे. तक्रारीच्या मुळापर्यंत जाणं, कामगाराला न दुखावता चूक दाखवणं आणि जे लिहिलं तेच रोज करून घेणं, हे तिन्ही गुण एका व्यक्तीत आम्ही क्वचितच पाहिले. आज आपल्या कारखान्याला बाहेरून कोणी काही सांगायची गरज उरलेली नाही, याचा आम्हाला अभिमान वाटतो.’

“दादा, या पत्रात आपण कुठे आहोत?” मी विचारलं.

“खाली. सही आहे की.”

“आणि हा वेगळा कागद का काढलास?”

“आपलेच ढोल आपणच बडवून दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायचे? त्यांना सांगायचं असेल तर ते त्यांच्या शब्दांत सांगतील. बारा वर्षं ओळखतात मला.”

मी भांडायला हवं होतं. पण त्याने एक तरी ओळ ‘नाव सुचवाल का’ म्हणून राहू दिली होती, तीही शेवटच्या परिच्छेदात, दाराआड उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी. तेवढंही तो पुन्हा खोडेल या भीतीने मी घाईघाईने पत्र छापलं.

पत्र द्यायला आम्ही दोघं गेलो. मालकांची खोली यंत्रांच्या वरच्या मजल्यावर आहे. फरशी सतत बारीक थरथरत असते आणि टेबलावर काचेच्या बरणीत आजवर बनवलेलं प्रत्येक रंगाचं झाकण आहे. मालकांनी चष्मा लावून पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

“मास्तर,” ते म्हणाले, “अहो, एवढं कोणी लिहितं का? लोक बिलं पाठवतात. तुम्ही आभार पाठवलेत!”

“खरं तेच लिहिलंय,” दादा म्हणाला आणि खिडकीकडे बघायला लागला.

दादा आता विषय काढणार नाही हे ओळखून मी म्हटलं, “शेवटची ओळ पण वाचा हं, मालक.”

“वाचली की! ताई, तुम्ही काळजीच करू नका. बाटल्यावाले, लेबलवाले आणि ते पत्र्याचे डबेवाले, तिघंही माझे जुने दोस्त. आजच पाठवतो. माझे शब्द कशाला, मला कुठे असं लिहिता येतंय? हेच पत्र पाठवतो, जसंच्या तसं.”

दादा खूश झाला. मीही झाले, खोटं का बोलू. बाहेर पडताना मला वाटलं, सुटलो.

पुढचे काही दिवस मी फोनजवळून हलले नाही. दादाने जुन्या फायली पुसून काढल्या. नवीन कारखान्यात पहिल्या दिवशी विचारायचे प्रश्न नव्याने लिहिले, इस्त्रीचे दोन शर्ट ऑफिसात आणून टांगले. मी त्याला हसले, पण मनातून मलाही चेव चढला होता.

मग बाटल्यावाल्यांचा फोन आला.

“तुमचं पत्र वाचलं,” ते म्हणाले. आवाज दमदार, मनापासून बोलणारा माणूस. “फार सुंदर. आमच्याकडे अगदी हीच अडचण आहे बघा. तपासणी आली की सगळे सैरभैर.”

“साहेब कधी येऊ देत भेटायला?” मी विचारलं. माझा हात दादाला खुणा करत होता. तो शर्टची बटणं लावायला लागला.

“हो, तुमच्या साहेबांनाही भेटू कधीतरी. पण त्या पत्रातल्या बाई आहेत ना, त्या कशा आहेत हो? म्हणजे माणूस म्हणून? त्यांचा नंबर मिळेल का?”

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एका मालकाचा माणूस दुसऱ्याला मिळवून देणं आमच्या धंद्यात बसत नाही, एवढं भान होतं. मालकांनाच विचारा, असं सांगून मी फोन ठेवला. दादाने बटणं लावून संपवली होती.

“काय म्हणाले?”

“पत्र सुंदर आहे म्हणाले.”

दोन दिवसांनी लेबलवाल्यांकडून फोन आला. त्यांनी आडवळण घेतलं नाही. त्या ताई नोकरी बदलण्याचा विचार करतील का, एवढंच विचारलं. तेव्हा मी दादाला सगळं सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. पत्राने काम चोख केलं होतं. वाचणाऱ्याला ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस हवासा वाटावा, तसाच वाटत होता. फक्त ते आमच्याबद्दल नव्हतं.

“त्यात वाईट काय?” दादा हळूच म्हणाला. “चांगली मुलगी आहे.”

“वाईट हे की आपण मरतोय!”

मी असं बोलायला नको होतं. त्याने टांगलेला दुसरा शर्ट काढून त्याची घडी घातली. मग म्हणाला, “चल, मालकांना भेटून येऊ. समजावून सांगू. तुझ्या त्या चार ओळी घे बरोबर.” भावाच्या तोंडून एवढं यायला किती पडझड व्हावी लागली होती! मी तो कागद नव्याने छापून घेतला.

मालकांच्या खोलीत शंकासुर आधीच बसलेली होती. आम्हाला बघून ती उठली, दादाला खुर्ची दिली. तिचा चेहरा अवघडलेला होता. मालकांचा मात्र आनंद मावत नव्हता.

“मास्तर, मी तुम्हाला बोलावणारच होतो. तुमच्या पत्राने चमत्कार केला. दोघं हिला पळवायला टपले होते! मी म्हटलं, पोरगी गेली तर मी बुडालो. रात्रभर डोक्याला हात लावून बसलो. मग हिनेच मार्ग काढला. ही माझ्याकडेच राहणार, आणि आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याकडे जाऊन त्यांचं बसवून देणार. ते मला काय ते देतील, मी हिचा पगार वाढवणार. सगळे खूश!”

मी दादाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, जणू कोणाच्या तरी दुसऱ्याच्याच घरची गोष्ट ऐकतोय.

“आणि इथलं?” मी विचारलं. “आमचं वर्षाचं काम?”

मालक जरा चाचरले. मग त्यांनी खणातून पत्र काढलं. ते त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं होतं. “ताई, गैरसमज नको. पण मास्तरांनी स्वतःच लिहिलंय ना, आम्हाला आता बाहेरून कोणी सांगायची गरज उरलेली नाही. मी कधी बोललो नसतो. त्यांनीच इतक्या मोठ्या मनाने मोकळं केलं.”

खालची यंत्रं धडधडत होती. मी हातातल्या कागदाची गुंडाळी केली. मग दादा बोलला, आणि क्षणभर मला वाटलं, आता वाचलो.

“मालक, एक गोष्ट आहे,” तो म्हणाला. “आतली तपासणी, खऱ्याआधीची, ती बाहेरच्यानेच करायला हवी. स्वतः केलेलं काम स्वतः तपासता येत नाही. तपासायला येणारे हाच पहिला प्रश्न विचारतील.”

हे शंभर टक्के खरं होतं. आमच्या धंद्याचा पाया तोच आहे. मालकांचा चेहरा पडला. त्यांनी शंकासुराकडे बघितलं.

“सर, मला ती शंका आली होती,” ती म्हणाली. “म्हणून मी असं ठरवलंय, की तिन्ही कारखान्यांत एकेक माणूस मी तयार करणार. बाटल्यावाल्यांचा येऊन आमचं तपासेल, आमचा जाऊन लेबलवाल्यांचं तपासेल, त्यांचा बाटल्यावाल्यांकडे. कोणीच स्वतःचं तपासणार नाही. आणि एकमेकांचं बघून सगळेच शिकतील.” मग घाबरून तिने विचारलं, “चुकतंय का सर काही?”

दादाचा चेहरा उजळला. मी हे विसरणार नाही. सगळं हातातून जात असताना त्या माणसाचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला.

“अजिबात नाही,” तो म्हणाला. “वा! फक्त त्या माणसांना आधी नीट शिकव, आणि शिकवल्याची नोंद ठेव. नोंद नसली तर तपासणारे तेच धरतील.” आणि मग तासभर तो तिला शिकवत बसला. कुठल्या प्रश्नाने सुरुवात करायची, नव्या कारखान्यात पहिल्या दिवशी कोणाच्या चुका दाखवायच्या नाहीत, मालकाचं न ऐकता आधी झाडू मारणाऱ्याशी का बोलायचं. ती भराभर लिहून घेत होती. तिचा राग करावा तर तोही येईना. तिने आमच्याकडून काहीच चोरलं नव्हतं. आम्हीच ताट वाढून दिलं होतं.

निघताना मालक दारापर्यंत आले. दादाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “मास्तर, तुमच्या ओळखीत अजून कोणी कारखानदार असले तर आमच्या पोरीचं नाव सुचवा हं.”

“सुचवतो की,” दादा म्हणाला.

रस्त्यावर येईपर्यंत मी दम धरला. मग बसथांब्यावर सगळ्यांसमोर ओरडले. “कोणाला सुचवणार आहेस? कोण उरलंय आपल्या ओळखीत?”

“ती साखळीची कल्पना,” दादा म्हणाला, जसं काही मी बोललेच नव्हते, “बारा वर्षांत मला सुचली नाही बघ. मी आपला प्रत्येक ठिकाणी एकटाच जात राहिलो.” आता त्याच्या चेहऱ्यावर उजेडबिजेड काही नव्हतं. तो एकदम म्हातारा दिसत होता. बाकावर बसताना त्याने आधी हाताने बाक चाचपला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो आवाज बाहेर येईल असाच लावतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. पत्र्याचे डबेवाले होते. तिसरे दोस्त. मी त्यांना विसरूनच गेले होते.

“ते पत्र तुम्ही लिहिलंत ना?” डबेवाले म्हणाले. खरखरीत, वयस्क आवाज. “मला तुमच्याशीच बोलायचंय. ती मुलगी हुशार असेलच. पण मी म्हटलं, हिला तयार कोणी केलं? आमच्याकडे पन्नास माणसं आहेत, एकालाही कोणी काही शिकवलेलं नाही. मला तयार माणूस नको. माणसं तयार करणारा हवाय. याल का?”

मी उभी राहिले. सगळ्या जगात एका माणसाने ते पत्र बरोबर वाचलं होतं. हो म्हण, मी ओठांनीच म्हटलं. दादा, हो म्हण.

दादाने फोन जरा लांब धरला. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

“तुम्ही एवढं म्हणालात, बरं वाटलं,” तो म्हणाला. “पण खरं सांगू का, माझी पद्धत आता जुनी झाली. आत्ताच बघून आलो. मला येतं ते सगळं तिला येतं, आणि मला सुचलं नाही तेही तिला सुचतं. तुम्ही तिलाच बोलवा. नंबर झाकणवाल्यांकडे मिळेल. माझं नाव सांगा.”

“अहो, पण...”

“मी उगाच सांगत नाही. पत्रात लिहिलंय ना तसंच आहे.”

त्याने फोन खिशात ठेवला. मी त्याला काय वाट्टेल ते बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्याच्याकडे बघितलं आणि कळलं, की हा मोठेपणा नाही, भिडस्तपणाही नाही. ते पत्र वाचून माझ्या भावाचीच खात्री पटली होती, की त्याची आता कोणाला गरज नाही. ते खोडून काढायला माझ्याकडे लाल पेन नव्हतं.

“तिला जमेल ना गं?” त्याने विचारलं.

“जमेल,” मी म्हटलं. मला रडू येत होतं. बस आली, आणि मी त्याला हाताला धरून आत चढवलं.